स्लाइडवर क्रियापद नसतं

आपल्या मंडळातल्या तीन-चार घरांत सध्या प्रबंध पूर्ण होत आलेत. कुणाचा उस्मानियात, कुणाचा केंद्रीय विद्यापीठात. प्रबंध सादर करण्याआधी या मुलामुलींना संशोधन सल्लागार समितीसमोर एक सादरीकरण द्यावं लागतं. त्यासाठी पंचवीस-तीस स्लाइड्स तयार होतात. पुढे काही महिन्यांनी परीक्षकांचे अहवाल येतात आणि व्हायव्हाची तारीख ठरते. बहुतेक जण तेव्हा जुनीच फाइल उघडतात, तारीख बदलतात, आठ-दहा स्लाइड्स उडवतात आणि तयारी झाली असं समजतात.

मी रसायनशास्त्र शिकवत असताना अशा बऱ्याच व्हायव्हांना बसले आहे, कधी मार्गदर्शकाच्या खुर्चीत तर कधी मागच्या रांगेत. जुनी फाइल बारीक केली की काय होतं ते मला माहीत आहे. परीक्षक म्हणतात, "तुमच्या कामाचा सारांश दहा मिनिटांत सांगा," आणि उमेदवार पडद्याकडे वळून स्लाइड वाचायला लागतो. सारांश स्लाइड्समधूनच काढायचा असतो हे खरं, पण तो स्लाइड्स कमी करून निघत नाही. तो कसा निघतो हे माझ्या भाचीच्या तयारीवरून सांगते. तिचा विषय आपल्या भागातला आहे आणि तयारी आमच्याच जेवणाच्या टेबलावर झाली.

आधी तिचा विषय. हैदराबादच्या शेजारच्या नलगोंडा जिल्ह्यातल्या विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, हे इथे राहणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी आणि चुना वापरून ते कमी करण्याची जी रीत बसवली, तिला नावच 'नलगोंडा पद्धत' असं आहे. दुसरा एक उपाय म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिना. हे पांढरे, बारीक, सच्छिद्र दाणे असतात. पाणी त्यांच्यातून सोडलं की फ्लोराइड दाण्यांच्या पृष्ठभागावर अडकून राहतं. काही दिवसांनी दाणे भरतात आणि फ्लोराइड पलीकडे जाऊ लागतं. मग दाणे धुऊन पुन्हा तयार करावे लागतात किंवा बदलावे लागतात. भाचीचा प्रश्न साधा होता. दाणे तेच, फिल्टर तोच, पाण्यातलं फ्लोराइडही साधारण तेवढंच, तरी एका गावात फिल्टर दुसऱ्या गावापेक्षा निम्म्या दिवसांत का संपतो?

तिच्या सादरीकरणात २८ स्लाइड्स होत्या. शीर्षक आणि रूपरेषा, मग प्रास्ताविकाच्या पाच, आधीच्या संशोधनाच्या चार, उद्दिष्टांची एक, पद्धतीच्या पाच, निष्कर्षांच्या सात आणि शेवटी चार किरकोळ. सादरीकरण चाळीस मिनिटांचं होतं आणि त्यासाठी हा क्रम योग्यच होता, कारण समितीला काम नीट झालं की नाही हे पाहायचं होतं. व्हायव्हात गोष्ट वेगळी असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे बाहेरचे किमान दोन परीक्षक प्रबंध तपासतात. त्यांच्यापैकी किमान एक जण व्हायव्हाला असतो, आणि अहवालातल्या टीकाटिप्पणीवर तिथे चर्चा होते. म्हणजे समोरच्या माणसाने प्रबंध वाचलेला आहे. त्याचे प्रश्न कागदावर लिहून तयार आहेत. फ्लोराइड म्हणजे काय हे त्याला पाच स्लाइड्स खर्चून सांगण्याची गरज नाही. या बाईला काय आढळलं आणि ती त्यावर किती ठामपणे उभी आहे, हे त्याला तिच्या तोंडून ऐकायचं आहे. खोलीत इतर प्राध्यापक आणि विद्यार्थीही असतात, त्यांनी प्रबंध वाचलेला नसतो. त्यांच्यासाठी मिनिटभराची ओळख पुरते.

(इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या मुलांसाठी एक जाताजाता. तिथे व्हायव्हा बहुधा बंद खोलीत, दोन परीक्षकांसमोर होतो आणि अनेकदा स्लाइड्स नसतातच. पहिला प्रश्न मात्र बऱ्याचदा हाच असतो, तुमचं काम थोडक्यात सांगा. पुढची सगळी तयारी तिथेही चालेल.)

पहिल्या दिवशी मी भाचीला लॅपटॉप बंद करायला सांगितलं. स्लाइड्सची छापील प्रत पुढे ठेवली आणि म्हटलं, "प्रत्येक स्लाइडसाठी एक वाक्य लिही. मराठीत, आणि पूर्ण वाक्य."

"मावशी, व्हायव्हा इंग्रजीत आहे गं."

"असू दे. आधी तुला काय म्हणायचंय ते कळू दे."

हे मी लहर म्हणून सांगितलं नव्हतं. स्लाइडवरची भाषा चमत्कारिक असते, तिच्यात क्रियापद नसतं. 'फ्लोराइड शोषण: पीएचचा परिणाम'. 'स्तंभ प्रयोग: तुलना'. 'बायकार्बोनेटचा परिणाम'. डोळ्यांना हे पुरतं, कारण खाली आलेख असतो आणि पाहणारा आपल्या मनाने क्रियापद घालून घेतो. बोलताना तसं जमत नाही. 'बायकार्बोनेटचा परिणाम' एवढंच म्हणून थांबता येत नाही. कोण, कशावर, काय करतं हे सांगावं लागतं. आणि ते सांगायला गेलं की आपल्याला ते नक्की ठरवता आलेलं नाही, हे पुष्कळदा तिथेच उघडं पडतं.

भाचीला २८ पैकी १९ स्लाइड्सची वाक्यं सहज जमली. सहांची वाक्यं 'या स्लाइडवर मी दाखवलं आहे की...' अशी सुरू होऊन मध्येच थांबली. तिने स्वतःच त्यांच्यावर काट मारली, कारण त्यांच्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. राहिल्या तीन. त्या निष्कर्षांच्या गाभ्यातल्या होत्या आणि सगळी गंमत तिथेच होती. तिकडे वळण्याआधी मधलं एक काम सांगते.

एकोणीस वाक्यं एकाखाली एक लिहून झाल्यावर प्रत्येक दोन वाक्यांमध्ये एक जोडशब्द घालायचा. 'म्हणून', 'पण', 'कारण', 'तरीही' यांपैकी काहीही चालेल. 'मग' आणि 'त्यानंतर' चालणार नाहीत. स्लाइड्समध्ये जोडणीचं काम मांडणी करते. दोन आलेख शेजारी ठेवले की तुलना झाली, बाण काढला की कारण झालं. बोलताना बाण दिसत नाही. जिथे 'मग'शिवाय दुसरा शब्दच सुचत नाही, तिथे आपण फक्त कामाची हकिगत सांगत आहोत असं समजावं. आधी मी नमुने आणले, मग तपासले, मग स्तंभ भरला. ही हकिगत प्रबंधात असतेच. भाचीच्या पद्धतीच्या पाच वाक्यांपैकी चारांमध्ये 'मग'च बसत होतं. त्यांचं शेवटी एक वाक्य झालं: "फिल्टर लवकर संपण्यामागे पाण्यातला कोणता घटक आहे हे शोधायचं होतं, म्हणून मी फ्लोराइड तेवढंच ठेवून बाकीचे घटक बदललेली पाणी प्रयोगशाळेत तयार केली आणि अ‍ॅल्युमिना भरलेल्या सारख्या नळ्यांतून सोडली." पाच स्लाइड्स एका वाक्यात आल्या आणि त्यात 'म्हणून' आलं.

आता त्या तीन स्लाइड्स. तिचे नेमके आकडे प्रबंधात आहेत, इथे मी समजायला सोपे जावेत असे गोल आकडे उदाहरणापुरते घेते. नळीत जेवढे दाणे, तेवढ्या मापाचं पाणी म्हणजे एक माप असं धरा. पाच लिटर दाणे असतील तर पाच लिटर पाणी हे एक माप. पहिल्या नळीत बायकार्बोनेट कमी असलेलं पाणी सोडलं. चारशे मापं जाईपर्यंत बाहेरचं फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या खाली राहिलं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी एक मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर दीडपर्यंत चालतं. दुसऱ्या नळीत बायकार्बोनेट जास्त असलेलं पाणी सोडलं, तर ती १८० मापांतच संपली. तिसऱ्या नळीत हेच दुसरं पाणी थोडं आम्ल घालून पीएच सहावर आणून सोडलं, आणि ती पुन्हा चारशेच्या वर गेली.

स्लाइडवरचं शीर्षक होतं 'बायकार्बोनेटचा परिणाम'. भाचीने वाक्य लिहिलं: "बायकार्बोनेटमुळे अ‍ॅल्युमिनाची फ्लोराइड धरण्याची क्षमता निम्म्याहून कमी होते."

मी विचारलं, "'मुळे' कशावरून?"

"तिसऱ्या नळीवरून. आम्ल घातलं, क्षमता परत आली."

"आम्ल घातल्यावर बायकार्बोनेटचं काय झालं?"

ती थांबली. रसायनशास्त्राच्या मुलीला हे वेगळं सांगावं लागत नाही. पाण्यात आम्ल घातलं की बायकार्बोनेटचा मोठा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन जातो. म्हणजे तिसऱ्या नळीत एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या. पीएच उतरला आणि बायकार्बोनेटही घटलं. अ‍ॅल्युमिनाला किंचित आम्लधर्मी पाणी मानवतं. त्यात त्याच्या पृष्ठभागावर धनभार असतो आणि ऋणभाराचं फ्लोराइड तिकडे ओढलं जातं. पीएच आठच्या आसपास गेला की तो भार ओसरतो. मग क्षमता घटली ती बायकार्बोनेटने फ्लोराइडची जागा अडवली म्हणून, की बायकार्बोनेट असलं की पाण्याचा पीएच वरच टिकून राहतो म्हणून? तीन नळ्यांचा प्रयोग याचं उत्तर देत नाही. दोन अहवालांपैकी एकात परीक्षकांनी नेमकं हेच विचारलं होतं, दोन ओळींत. भाचीने तो प्रश्न 'किरकोळ' या यादीत टाकून ठेवला होता.

मला वाटतं, स्लाइड्सवरून सारांश तयार करण्यात खरा धोका इथे असतो. शीर्षकात 'परिणाम' हा शब्द होता, तो दोन्ही अर्थांना सावरून घेत होता. चाळीस मिनिटांच्या सादरीकरणात कुणी हटकलं नाही. त्याच शीर्षकाचं घाईत वाक्य केलं की 'मुळे' येतं, आणि परीक्षक त्या 'मुळे'वरच बोट ठेवतात. उमेदवार तिथे गडबडला की नीट झालेलं कामही संशयाच्या छायेत येतं.

उपाय म्हणजे वाक्य दुरुस्त करायचं, प्रयोग लपवायचा नाही. तिचं नवं वाक्य असं झालं: "बायकार्बोनेट जास्त असलेल्या पाण्यात अ‍ॅल्युमिनाची क्षमता निम्म्याहून कमी होते, आणि आम्ल घालून पीएच उतरवला तर ती परत येते." 'मुळे'च्या जागी 'असलेल्या पाण्यात' आलं. आपल्या भाषेत एवढ्याशा प्रत्ययात दाव्याचं वजन बदलतं. इंग्रजीत घोटून पाठ केलेल्या वाक्यात तिला ते जाणवलं नव्हतं. या वाक्यालाच लागून दुसरं वाक्य ठेवलं: "यात पीएचचा वाटा किती आणि बायकार्बोनेटचा स्वतःचा किती, हे माझ्या प्रयोगांतून पूर्ण वेगळं होत नाही, कारण आम्लाने दोन्ही बदलतात." हे वाक्य शेवटच्या 'मर्यादा' स्लाइडवर ढकलायचं नाही असं आम्ही ठरवलं. ते निष्कर्षाच्या शेजारीच राहायला हवं. परीक्षकांच्या मनात प्रश्न तिथेच उठणार, तेव्हा उत्तरही तिथेच आलेलं बरं.

"आणि पुढे विचारलं की वेगळं कसं करशील, तर?" भाचीने विचारलं. त्याचं उत्तर सारांशात घालू नये, तयार मात्र ठेवावं. बायकार्बोनेट कमी ठेवून नुसता पीएच वाढवलेलं पाणी चौथ्या नळीतून सोडायचं. त्यातही एक अडचण आहे. अशा पाण्याचा पीएच स्थिर राहत नाही, अ‍ॅल्युमिना स्वतःच तो हलवतो. म्हणून नळीच्या दोन्ही टोकांना पीएच सतत मोजत राहावा लागेल. एवढं सांगता आलं की परीक्षकांना कळतं, या मुलीने आपल्या प्रयोगाच्या कडा पाहिलेल्या आहेत.

यानंतर आलेख. दहा मिनिटांत एकच आलेख नीट सांगून होतो, दुसरा घेतला की दोन्ही अर्धवट राहतात. भाचीने तीन नळ्यांचा आलेख ठेवला. आलेख बोलून सांगताना आधी अक्ष, मग एका रेघेचा प्रवास, मग दुसऱ्या रेघेतला फरक आणि अर्थ सगळ्यात शेवटी, असा क्रम असावा. मुलं बहुधा अर्थापासून सुरुवात करतात आणि ऐकणारा तोवर आडव्या अक्षावर काय आहे ते शोधत बसतो. तिचं बोलणं साधारण असं झालं: "डावीकडून उजवीकडे जाल तसं फिल्टरमधून गेलेलं पाणी वाढतं. खालून वर जाल तसं बाहेर आलेलं फ्लोराइड वाढतं. पहिली रेघ बराच वेळ तळाशी चालते, म्हणजे दाणे फ्लोराइड धरून आहेत. चारशे मापांपाशी ती उचलते आणि दीड मिलिग्रॅम ओलांडते. तिथे फिल्टर संपला असं मी मानलं. दुसरी रेघ १८० मापांपाशीच उचलते." इथे दोन सेकंद थांबायचं. पाण्याचा घोट घेतला तरी चालेल.

आकड्यांचं सांगायचं तर कानाला एका वेळी दोनच झेपतात. स्लाइडवरच्या तक्त्यात तिचे चोवीस आकडे होते. त्यातले ४०० आणि १८० एवढेच उरले, आणि तेही तिने घरातल्या हिशेबात बसवले. पाच लिटर दाण्यांचा फिल्टर आणि रोज वीस लिटर पिण्या-स्वयंपाकाचं पाणी धरलं, तर पहिल्या पाण्यात तो शंभर दिवस चालेल आणि दुसऱ्यात पंचेचाळीस. हे दिवस प्रयोगशाळेतल्या नळीवरून काढलेले आहेत. गावात पाणी थांबूनथांबून सोडलं जातं आणि त्यात गाळही असतो, तेव्हा प्रत्यक्ष दिवस वेगळे निघतील. हेही तिने एका वाक्यात सांगितलं. बाकीचे आकडे तिच्याजवळच्या कागदावर राहिले.

वेळेचा हिशेब करायला संपूर्ण मजकूर एकदा लिहून काढावा. सावकाश, ऐकण्याजोग्या इंग्रजीत मिनिटाला सुमारे १२० शब्द जातात, म्हणजे दहा मिनिटांचे १२०० शब्द. भाचीचा पहिला खर्डा १९०० शब्दांचा झाला आणि त्यातले ७०० प्रास्ताविकात होते. ते २०० वर आणले. प्रश्न आणि पद्धत मिळून तीन मिनिटं, आलेख आणि त्याला लागून मर्यादा मिळून साडेचार. उरलेल्या अडीच मिनिटांत गावातल्या विहिरींच्या नमुन्यांनी याला कितपत दुजोरा दिला ते, आणि शेवटी एक उपयोग: फिल्टर बसवण्याआधी फ्लोराइडबरोबर पाण्याची अल्कलिनिटीही मोजावी, म्हणजे दाणे कधी बदलायचे याचा अंदाज आधीच बांधता येतो. ती तपासणी स्वस्त आहे. माझ्या मते तिच्या सगळ्या प्रबंधातलं हे सगळ्यात कामाचं वाक्य होतं, आणि सादरीकरणात ते सव्विसाव्या स्लाइडवर तिसऱ्या ठिपक्यात होतं.

लिहिलेला मजकूर पाठ करू द्यायचा नाही. पाठ केलेलं बोलणं मध्ये प्रश्न आला की तुटतं, आणि पुन्हा धागा सापडत नाही. आम्ही इंग्रजी मजकूर दोनदा वाचून बाजूला ठेवला आणि जोडशब्दांसकट सात वाक्यांची यादी तेवढी ठेवली. ती पाहून तिने फोनवर ध्वनिमुद्रण केलं. मग ते तिनेच, पडद्यावर काही न लावता ऐकलं. ऐकताना एकच काम करायचं, 'इथे', 'हे', 'वरच्या ओळीत', 'तुम्ही बघू शकता' असे बोट दाखवणारे शब्द आले की कागदावर रेघ मारायची. पहिल्या वेळी सतरा रेघा निघाल्या. त्यातली प्रत्येक जागा म्हणजे सारांश अजून स्लाइडच्या आधाराने उभा असल्याची खूण. 'इथे' काढून 'बायकार्बोनेटच्या नळीत' म्हटलं की वाक्य आपल्या पायावर उभं राहतं. तिसऱ्या वेळी चारच रेघा राहिल्या, त्या आलेखाच्या वेळच्या होत्या, त्या चालतात. प्रोजेक्टर बंद पडला किंवा परीक्षक ऑनलाइन असून त्यांना पडदा नीट दिसला नाही, तर याचा खरा उपयोग होतो.

घरच्यांचा उपयोगही इथेच आहे. आमच्या आईने, म्हणजे भाचीच्या आजीने, मराठीतला सारांश पूर्ण ऐकला. तिला रसायनशास्त्र येत नाही. ऐकून झाल्यावर तिला एवढंच विचारलं, "काय सांगितलं हिने?" आजी म्हणाली, "पाणी खारट-चिखट असलं की गाळणं लवकर भरतं म्हणे." खारट-चिखट नाही, पण घाट बरोबर होता, म्हणजे मुख्य वाक्य पोचलं होतं. ऐकणाऱ्याने "छान बोललीस" म्हटलं तर काहीच कळत नाही. त्याला परत सांगायला लावावं.

व्हायव्हाला भाचीने सहा स्लाइड्स नेल्या: शीर्षक, प्रश्न, तीन नळ्यांचं साधं चित्र, तो आलेख, विहिरींचे नमुने आणि अल्कलिनिटीचं ते वाक्य. जुन्या बावीस स्लाइड्स तिने काढून न टाकता त्याच फाइलीत मागे ठेवल्या आणि त्यांचे क्रमांक एका कागदावर लिहून घेतले. प्रश्न आला की तो क्रमांक दाबून थेट तिथे जाता येतं. परीक्षकांनी पीएचचा प्रश्न विचारलाच. चोविसावी स्लाइड काढून तिने नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा पीएच दाखवला आणि पुढची दहा मिनिटं चर्चा चौथी नळी कशी बांधायची यावर चालली.